जार पडण्याआधीची धार

हुबळी-धारवाडकडे म्हैस व्याली की शेजारी हमखास विचारतात, ‘चीक मिळेल का?’ त्या चिकाचा मराठी घरात खरवस होतो, कन्नड घरात गिण्णू. म्हैसही साधीसुधी नाही. धारवाडी म्हैस म्हणून 2021 साली स्वतंत्र जात अशी तिची नोंद झाली आहे आणि धारवाडी पेढा तिच्याच दुधाचा. पण पहिल्या चिकावर पहिला हक्क ज्याचा, ते रेडकू गोठ्यात थरथरत उभं असतं. त्याच्यासाठी ही धार म्हणजे काय चीज आहे, ते पाहू.

माणसाचं बाळ जन्मतं तेव्हा आईची रोगाशी लढणारी प्रतिपिंडं त्याच्या रक्तात आधीच पोचलेली असतात. वासराचं आणि रेडकाचं मात्र तसं नाही. पिल्लाच्या नाळेला जोडलेलं आणि व्याल्यानंतर पडणारं आवरण म्हणजे जार. गाई-म्हशींमध्ये हे आवरण आईचं रक्त आणि पिल्लाचं रक्त यांच्यामध्ये पेशींचे इतके थर ठेवतं की अन्न पार होतं, पण प्रतिपिंडं अलीकडेच अडतात. म्हणजे पिल्लू शेण-मातीत, असंख्य जंतूंमध्ये उतरतं, ते जवळजवळ निःशस्त्र!

मग निसर्गाने आईला असं कसं गाफील ठेवलं? गाफील नाहीच ठेवलं. व्यायला काही आठवडे असल्यापासून तिच्या रक्तातली प्रतिपिंडं कासेत उतरू लागतात. ती इतकी उतरतात की खुद्द तिच्या रक्तातलं त्यांचं प्रमाण घटतं. लेकराची शिदोरी ती स्वतःच्या डब्यातून काढून बांधते. चीक दाट आणि चिकट असतो, तो बऱ्याच अंशी या प्रथिनांमुळे.

पण इथे एक पेच आहे. प्रतिपिंडं प्रथिनं आहेत आणि पोटात गेलेलं प्रथिन तर पचून तुकडे होतं. मग ती रक्तात अखंड पोचतात कशी? खरी कमाल इथेच आहे. नवजात पिल्लाच्या आतड्याच्या पेशी चिकाचे थेंब अख्खे गिळतात आणि पलीकडे सोडतात. तिथून ते रक्तात मिसळतात. पिल्लाची पचनशक्ती तेव्हा अजून मंद असते. शिवाय प्रथिनं तोडणाऱ्या पाचकरसाला रोखणारा पदार्थ चीक स्वतःबरोबरच घेऊन येतो!

मात्र आतड्याचं हे दार जन्मापासूनच मिटू लागतं. पहिल्या काही तासांत ते सताड उघडं असतं, बारा तासांनी बरंच ओढलेलं आणि चोवीस तासांच्या सुमारास बंद. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी पोट भरेल, रक्तात प्रतिपिंडं जाणार नाहीत. आणि उघड्या दारातून जंतूही आत शिरू शकतात. म्हणून जंतूंच्या आधी चीक पोचायला हवा.

ढोबळ हिशेब करून पाहू. रेडकू 30 किलोचं आहे. चांगल्या चिकाच्या दोन लिटरमध्ये सुमारे 100 ग्रॅम प्रतिपिंडं असतात. वेळेवर पाजला तर त्यांतला साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे 33 ग्रॅम, रक्तात उतरतो. रेडकाच्या रक्तातला पातळ द्रव अडीच लिटरच्या आसपास धरला, तर लिटरला 13 ग्रॅम होतात. सुरक्षित मानली जाणारी किमान पातळी आहे 10. आता तोच चीक इतका उशिरा पाजला की आधीच्या निम्मीच प्रतिपिंडं शोषली गेली, तर आकडा साडेसहावर येतो. चीक तोच, रेडकू तेच, बदललं ते फक्त घड्याळ.

1922 साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी काही वासरांना चीक दिलाच नाही. त्यांतली बहुतेक वासरं जंतुसंसर्गाने मेली. चीक मिळालेली जगली.

म्हणूनच एक जुनी समजूत महागात पडते: जार पडेपर्यंत पिल्लाला पाजायचं नाही. जार पडायला आठ-दहा तास सहज लागू शकतात. जे आवरण गर्भात प्रतिपिंडं अडवत होतं, ते पडायची वाट पाहता पाहता आतड्याचं दारही मिटत जातं. उलट पिल्लू कासेला लागलं की आईच्या शरीरात गर्भाशय आकुंचित करणारं संप्रेरक स्रवतं आणि जार पडायला मदतच होते.

चीक कसदार आहे का, हे उसाची गोडी मोजणाऱ्या ब्रिक्स मीटरवरही कळतं. गाईच्या चिकाचा एक थेंब टाकून आकडा 22 किंवा जास्त आला, तर चीक उत्तम. रेडकाला किती प्रतिपिंडं मिळाली, हे दुसऱ्या दिवशी पशुवैद्य त्याच्या रक्तातली प्रथिनं मोजून सांगू शकतात.

तेव्हा पुढच्या वेळी गोठ्यात म्हैस व्याली की कास धुऊन पुसा आणि पहिल्या दोन तासांत पिल्लाला पाजा. वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे 30 किलोच्या रेडकाला तीन लिटर चीक, बारा तासांच्या आत पोटात जाऊ द्या. खरवस उरलेल्या चिकाचा करा.