कार्डावरच्या ‘ऐच्छिक’ लसी : आधी कोणती घ्यायची?

2017 ते 2020 या काळात देशात चार ठिकाणी सहा महिने ते 14 वर्षं वयाच्या सुमारे 24 हजार मुलांवर नियमित लक्ष ठेवलं गेलं. मूल तापलं आणि ताप उतरेना, की रक्ताचं कल्चर करायचं आणि टायफॉइडचा जंतू खरोखर सापडला तरच टायफॉइड म्हणायचं, अशी पद्धत होती. दिल्ली, कोलकाता आणि वेल्लोर इथल्या शहरी वस्त्यांत वर्षाला दर लाख मुलांमागे जवळपास पावणेसहाशे ते पावणेबाराशे मुलांना टायफॉइड झाला. चौथं ठिकाण पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातलं होतं. तिथे हा आकडा होता फक्त 35.

आजार तोच, वयही तेच, आणि फरक सोळा ते तेहतीस पटींचा. ऐच्छिक लसींबद्दल पालक विचारतात, ‘ही लस चांगली आहे का?’ लसी चांगल्याच आहेत. विचारायचं ते हे, की आपण राहतो तिथे, आपल्या घरातल्या माणसांना, त्या आजाराचा धोका किती आहे.

सरकारी कार्यक्रमात बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट, रोटा, न्युमोकोकल, गोवर-रुबेला या लसी मोफत मिळतात. बालरोगतज्ज्ञांची संघटना त्यापलीकडे टायफॉइड, हेपॅटायटिस ए, इन्फ्लुएन्झा, कांजिण्या अशा लसी सुचवते. त्यांच्यावर ‘ऐच्छिक’ असा शिक्का बसला की अनेकांना त्या चैनीच्या वाटतात. एखादी लस सरकारी यादीत येते की नाही, हे देशभरातल्या कोट्यवधी मुलांचा खर्च, पुरवठा आणि आजाराची आकडेवारी पाहून ठरतं. तुमच्या मुलाला तिची गरज किती, हे त्यावरून कळत नाही. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये टायफॉइडची नवी लस नऊ महिन्यांपासून 14 वर्षांपर्यंतच्या एक लाखाहून अधिक मुलांना मोफत दिली. खाडीपलीकडे ठाण्यात त्याच वेळी तीच लस पैसे मोजून घ्यावी लागत होती. दोन्हीकडच्या मुलांच्या पोटात जाणारं पाणी काही फार वेगळं नव्हतं.

टायफॉइडबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. पूर्वीची लस दोन वर्षांखालच्या मुलांत चालत नसे आणि दर तीन वर्षांनी पुन्हा घ्यावी लागे. ‘टायफॉइडचं इंजेक्शन तीन वर्षंच टिकतं’ हे वाक्य त्या लसीचं आहे आणि ते अजून लोकांच्या तोंडी आहे. आता वापरतात ती काँजुगेट लस. जंतूच्या आवरणाचा अंश एका प्रथिनाला जोडल्यामुळे तान्ह्या मुलाचं शरीरही तिला नीट प्रतिसाद देतं. सहा महिन्यांपासून ती देता येते आणि डोस एकच असतो. नेपाळमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत तिने सुमारे 80 टक्के टायफॉइड टाळला. फार लहानपणी दिलेल्या डोसाचा जोर काही वर्षांनी ओसरतो, असं बांगलादेशात दिसलं आहे. म्हणून शाळेच्या वयात आणखी एक डोस द्यावा का, यावर तज्ज्ञांमध्ये चर्चा चालू आहे. पहिला डोस घ्यावा, याबद्दल मात्र दुमत नाही.

शहरात राहणाऱ्या मुलासाठी ऐच्छिक लसींतली पहिली निवड माझ्या मते हीच. यामागे आणखी एक कारण आहे. टायफॉइडचे जंतू औषधांना दाद देईनासे होत चालले आहेत. 2016 मध्ये पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात अशी साथ सुरू झाली, की नेहमीची जवळपास सगळी औषधं निकामी ठरली आणि तोंडाने घेण्याच्या औषधांत मुख्यतः एकावरच भिस्त उरली. पुढे 2019 मध्ये पाकिस्तानने ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात आणली, आणि तसं करणारा तो पहिला देश ठरला.

हेपॅटायटिस ए म्हणजे दूषित पाण्यातून होणारी कावीळ. हिची तऱ्हा निराळी आहे. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला ती झाली तर बहुतेक वेळा कळतही नाही. दोन दिवस कणकण, थोडी मळमळ, एवढ्यावर भागतं आणि जन्मभराचं संरक्षण मिळतं. तीच कावीळ पंचविशीत झाली तर माणूस महिनाभर अंथरुणाला खिळतो आणि क्वचित यकृत निकामी होण्यापर्यंत पाळी येते. पूर्वी गावात विहिरीचं, ओढ्याचं पाणी पिऊन वाढलेल्या जवळजवळ प्रत्येकाला ती लहानपणीच होऊन गेलेली असे. आता घरात फिल्टर आला, मूल स्वच्छ पाण्यावर वाढलं. पुढे ते हॉस्टेलला जातं, मेसमध्ये जेवतं, गाडीवरचा बर्फ घातलेला रस पितं आणि विषाणूशी पहिली गाठ विसाव्या वर्षी पडते. केरळमध्ये अलीकडच्या साथींत मोठी मुलं आणि तरुण माणसं आजारी पडली, ती याच कारणाने. म्हणजे घर जितकं स्वच्छ, तितकी या लसीची गरज जास्त. ‘आमच्याकडे सगळं उकळून पितात, मग लस कशाला?’ असं म्हणणाऱ्या घरातल्या मुलालाच ती हवी.

ही लस वर्ष पूर्ण झाल्यावर देतात. एका प्रकारात एकच डोस असतो, दुसऱ्या प्रकारात सहा महिन्यांच्या अंतराने दोन. तान्हेपणी आजार सौम्य असल्यामुळे इथे घाई नसते. पैशांची ओढाताण असेल तर ही लस वर्ष-दोन वर्षं पुढे ढकलली तरी फारसं बिघडत नाही, शाळेत जाण्याआधी झाली म्हणजे झालं. मोठ्या माणसांनी घ्यायची तर आधी रक्तात संरक्षण आहे का, हे तपासून पाहावं. खेड्यात वाढलेल्या चाळिशीच्या माणसाच्या रक्तात ते बहुधा असतंच आणि लसीचे पैसे वाचतात.

फ्लूच्या लसीत प्रश्न येतो तो महिन्याचा. विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लस दर वर्षी नव्याने बनते आणि दर वर्षी घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा त्यातले विषाणू ठरवते, एकदा उत्तर गोलार्धासाठी आणि एकदा दक्षिण गोलार्धासाठी. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये येते. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. म्हणून आपल्याकडे ती एप्रिल-मे महिन्यांत, दक्षिण गोलार्धाची नवी लस बाजारात आल्यावर घ्यावी. थंडीच्या तोंडावर घेतली तर आपली मुख्य लाट ओसरून गेलेली असते. लस विषाणूशी नीट जुळली त्या वर्षी साधारण 40 ते 60 टक्के आजार टळतो. टायफॉइडच्या लसीपेक्षा हे कमी आहे. पण हॉस्पिटलात भरती होण्याचा धोका ज्यांना जास्त, त्यांच्यासाठी एवढंही मोलाचं आहे. पाच वर्षांखालची मुलं, गर्भवती, साठीपुढची माणसं, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेले, हे ते लोक. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. त्याच्या आईने गरोदरपणात घेतली तर बाळाला जन्मतःच काही संरक्षण मिळतं.

दवाखान्यात नेहमी येणारं एक उदाहरण घेऊ. दिवा-कल्याण पट्ट्यातलं घर, उन्हाळ्यात सोसायटीत टँकरचं पाणी. मार्च महिना. बाळ नऊ महिन्यांचं, मोठा भाऊ सहा वर्षांचा, दोघांनाही सरकारी लसी वेळेवर झालेल्या. आजी चौसष्ट वर्षांची, मधुमेही. आई विचारते, ‘‘डॉक्टर, पावसाळ्यापर्यंत सहा-एक हजार काढता येतील. सगळ्याच लसी नाही झेपणार. आधी कोणती?’’ लसींच्या किमती कंपनीप्रमाणे बदलतात, पण एका डोसला साधारण दोन हजार धरले तर एवढ्यात तीन डोस बसतात.

मी आधी दोन्ही मुलांना टायफॉइडची लस देईन. मोठा भाऊ शाळेजवळची पाणीपुरी आणि पेप्सीकोला खातो, टायफॉइड होण्याच्या ऐन वयात आहे आणि त्याला ही लस मिळालेलीच नाही. पालक बाळाचा विचार करतात आणि मोठ्याला विसरतात. बाळाला ती नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या दिवशीच वेगळ्या जागी देता येते, त्यामुळे वेगळी खेप पडत नाही. तिसरा डोस आजीला, फ्लूचा, मे महिन्यात. यावर आई थोडी थबकते, कारण पैसे मुलांच्या नावाने बाजूला काढलेले असतात. पण या घरात फ्लूमुळे अतिदक्षता विभागात जाण्याचा सगळ्यात मोठा धोका आजीला आहे, आणि दिवसभर बाळ तिच्याच मांडीवर असतं. नंतर पैसे जमले तर बाळाची फ्लूची लस. पहिल्या वर्षी ती चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा घ्यावी लागते आणि पुढे दर वर्षी एकदा. म्हणून पहिला डोस लांबवू नये. काविळीची लस दोन्ही मुलांना दिवाळीनंतर, आधी मोठ्याला. त्याचं सौम्य काविळीचं वय संपत आलं आहे.

हेच घर कोकणातल्या एखाद्या वाडीत असतं तर माझा क्रम बदलला असता. आजीची फ्लूची लस पहिली आली असती आणि टायफॉइडला तेवढी घाई राहिली नसती. आई पुन्हा गरोदर असती, तर तिची फ्लूची लस सगळ्यांच्या आधी. ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते का, हे मात्र आधी विचारून घ्यावं.

लस घेताना दोन गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. या सगळ्या लसी 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. औषधाच्या दुकानातून कुपी विकत घेऊन, पर्समध्ये टाकून, दोन तासांनी दवाखान्यात पोचणारे लोक असतात. त्या लसीचं काय झालं, हे बघून ओळखता येत नाही. ती बर्फाच्या डब्यातून आणावी किंवा दवाखान्यातल्या फ्रिजमधलीच घ्यावी. दुसरं, कुपीवरचं लेबल वाचून लसीचं नाव, प्रकार आणि तारीख कार्डावर लिहून घ्यावी. नुसतं ‘टायफॉइड दिलं’ असं लिहिलं, तर पाच वर्षांनी ती जुनी लस होती की काँजुगेट, हे कुणालाच सांगता येत नाही आणि मुलाला सुई पुन्हा टोचली जाते.

आणि लस घेतलेल्या मुलाचा ताप चार-पाच दिवस उतरला नाही, तर ‘याला टायफॉइडची लस दिली आहे’ म्हणून तो विषय बंद करू नये. ही लस पॅराटायफॉइडपासून वाचवत नाही आणि टायफॉइडही शंभर टक्के टाळत नाही. अशा वेळी केवळ विडाल तपासणीवर विसंबून औषध सुरू करू नये. जुन्या किंवा दुसऱ्याच तापातही ती पॉझिटिव्ह येते. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी रक्ताचं कल्चर पाठवायला सांगावं. औषध पोटात गेल्यावर जंतू सापडण्याची शक्यता घटते, आणि जंतू सापडला नाही तर त्याला कोणतं औषध लागू पडेल हेही कळत नाही.