अठराव्या वाढदिवसानंतरचं खातं

ॲपलच्या फॅमिली शेअरिंगमध्ये आईने मुलाचं खातं उघडलं आहे. मुलगा अठरा वर्षांचा होतो, पण त्याला गटातून कोणी आपोआप काढत नाही. गटात राहायचं की नाही, हे आता तो स्वतः ठरवू शकतो. खरेदीआधी आईची परवानगी मागणारं ‘आस्क टू बाय’ अठरानंतर तिने एकदा बंद केलं, की पुन्हा सुरू करता येत नाही.

खरा घोळ खरेदीत होतो. पैसे आईच्या कार्डातून गेले, तरी मुलाने स्वतःच्या खात्यातून घेतलेलं ॲप त्याच्याच नावावर राहतं. मात्र आईने विकत घेतलेला गेम तो वापरत असेल, तर गट सोडल्यावर तो उघडत नाही. त्यात मुलाने घेतलेल्या वाढीव गोष्टींसाठीही आधी गेम स्वतः विकत घ्यावा लागतो.

फोटो आधीपासून त्याचेच असतात. आईच्या आयक्लाउड प्लॅनमधून फक्त जागा मिळते, फाइली तिला दिसत नाहीत. गट सोडल्यावर फुकट जागा उरते ५ जीबी. त्यामुळे आधी जागा मोजा, मगच गट सोडा.