बिलाला चाळीस दिवस उलटले; आता पत्र कसे लिहावे?

छापखान्याची उधारी इतर धंद्यांतल्या उधारीपेक्षा जास्त अडचणीची असते. किराणा दुकानदाराचा न उचललेला माल दुसरे गिऱ्हाईक घेऊन जाते. एखाद्या कंपनीच्या नावाने छापलेला कॅटलॉग मात्र त्या कंपनीखेरीज कुणालाच नको असतो; पैसे आले नाहीत तर त्याला रद्दीचाच भाव. त्यात कागद आणि प्लेटचे पैसे काम सुरू होतानाच गेलेले असतात, लॅमिनेशन आणि बाइंडिंग बाहेरून करून घेतले असेल तर तेही लोक थांबत नाहीत. एकदा माल गिऱ्हाइकाच्या गोदामात पोहोचला की छापखान्याच्या हातात उरते ते फक्त बिल, चलन आणि वेळेवर लिहिलेले एक पत्र.

पुण्यातल्या एका लहान छापखान्याचे नमुन्यादाखल उदाहरण घेऊ. एका फर्निचर कंपनीसाठी त्याने दिवाळीच्या कॅटलॉगच्या 2,000 प्रती छापल्या. 10 ऑक्टोबर 2025 ला माल पोहोचला, त्याच तारखेचे बिल झाले: 55,000 रुपये छपाईचे आणि 9,900 रुपये जीएसटी, एकूण 64,900. ऑर्डरवर 30 दिवसांची उधारी लिहिलेली होती. ती 9 नोव्हेंबरला संपली. दोन-तीनदा फोन झाले, ‘पुढच्या आठवड्यात बघतो’ असे उत्तर मिळाले. 19 डिसेंबर उजाडला, म्हणजे मुदतीवर 40 दिवस झाले. दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्या छापखान्याने एव्हाना या बिलावरचा जीएसटी सरकारजमाही केलेला असतो, कारण तो पैसे हाती आल्यावर नव्हे, बिल केल्यावर भरावा लागतो.

पत्र लिहायला बसण्याआधी फाइल काढून बघावी लागते. बिल अडकण्याचे कारण पुष्कळदा पैशांची टंचाई नसतेच. बिलावर पर्चेस ऑर्डरचा नंबर नसतो, गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक चुकलेला असतो, किंवा चलनाची सही-शिक्क्याची प्रत लेखा विभागापर्यंत गेलेलीच नसते. असे बिल टेबलावर नुसते पडून राहते आणि कुणी कळवतही नाही. म्हणून बिल, ऑर्डर, सहीचे चलन आणि खातेउतारा या चारही गोष्टी पत्रासोबतच जोडायच्या. मग ‘बिल मिळाले नाही’ हे उत्तर देता येत नाही.

पत्र साधारण असे लिहिता येते:

मा. व्यवस्थापक, लेखा विभाग यांस,
स. न. वि. वि.

विषय: बिल क्र. 214, दि. 10 ऑक्टोबर 2025, येणे रक्कम रु. 64,900

आपल्या कॅटलॉगच्या 2,000 प्रती 10 ऑक्टोबर रोजी आपल्या गोदामात पोहोचल्या. चलनावर गोदामाची सही व शिक्का आहे. कामाबद्दल आपली कोणतीही लेखी तक्रार आलेली नाही. ऑर्डरप्रमाणे 30 दिवसांची मुदत 9 नोव्हेंबर रोजी संपली असून आज त्यावर 40 दिवस झाले आहेत.

कृपया ही रक्कम शुक्रवार, 26 डिसेंबरपर्यंत आमच्या खात्यात जमा करावी. बिल मंजूर होण्यास काही अडचण असल्यास मंगळवार, 23 डिसेंबरपर्यंत लेखी कळवावे. आवश्यक कागद आम्ही त्याच दिवशी पाठवू. एकरकमी शक्य नसल्यास निम्मी रक्कम 26 डिसेंबरला व उरलेली 9 जानेवारीला चालेल, मात्र तसे लेखी कळवावे.

आमचा छापखाना उद्यम-नोंदणीकृत सूक्ष्म उद्योग आहे. अशा उद्योगांच्या थकलेल्या रकमेवर कायद्याने व्याज देय होते. वरील तारखांना रक्कम आल्यास आम्ही व्याजाची मागणी करणार नाही. रक्कम याआधीच पाठवली असल्यास व्यवहार क्रमांक कळवावा.

कळावे,
आपला विश्वासू

या पत्रात कुठेही आवाज चढलेला नाही, आणि ‘आपल्याला त्रास देतो, क्षमस्व’ असेही म्हटलेले नाही. पहिल्या परिच्छेदात नुसत्या घडलेल्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीला जोडलेला कागद पुरावा आहे. दुसऱ्या परिच्छेदातल्या मागणीला ‘लवकरात लवकर’ऐवजी वार आणि तारीख आहे. ‘लवकर’चा अर्थ ज्याला पैसे द्यायचे तो आपल्या सोयीने लावतो, 26 तारीख उलटली की नाही, यावर वाद होत नाही. हप्त्याची सवलतही तारखांनी बांधलेली आहे. तिचा आणखी एक फायदा होतो. हप्ते मागणारे सहीचे पत्र गिऱ्हाइकाकडून आले, तर बाकी मान्य असल्याची ती लेखी कबुली ठरते, आणि अशा कबुलीपासून वसुलीच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत नव्याने मोजली जाते.

‘लेखी तक्रार आलेली नाही’ या वाक्यामागे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा 2006 चा कायदा आहे. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत गिऱ्हाइकाने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असे धरले जाते. त्यामुळे दोन महिन्यांनी अचानक निघालेल्या ‘रंग फिका आला’ या तक्रारीचे वजन उतरते. याच कायद्याने उधारीची मुदत ठरवून दिली आहे: लेखी करार नसेल तर 15 दिवस, आणि करार असला तरी 45 दिवसांपेक्षा जास्त नाही. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. बँक दर साडेपाच टक्के धरला तर हे व्याज वर्षाला साडेसोळा टक्के होते. 64,900 रुपयांवर 40 दिवसांचे ते जेमतेम पावणेबाराशे भरते. एवढ्यासाठी जुने गिऱ्हाईक दुखावण्यात अर्थ नाही; पण व्याज सोडायची तयारी दाखवली, तर वेळेवर पैसे देण्याला एक कारण मिळते.

एक मुद्दा पत्रात मुद्दामच नाही. 2023 च्या अर्थसंकल्पाने प्राप्तिकर कायद्यात घातलेली आणि व्यापाऱ्यांत ‘43बी(एच)’ म्हणून ओळखली जाणारी तरतूद अनेक जण पहिल्याच पत्रात धमकीसारखी वापरतात. मुदत उलटून गेलेली सूक्ष्म किंवा लघु उद्योगाची रक्कम आर्थिक वर्ष संपेपर्यंत दिली नाही, तर गिऱ्हाइकाला त्या वर्षी तो खर्च वजा करता येत नाही. पण 31 मार्चच्या आत पैसे दिले तर वजावट मिळते. म्हणजे डिसेंबरात या धमकीला धार नाही, आणि गिऱ्हाइकाचा सीए हे लगेच ओळखतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याच बाकीचा खातेउतारा पाठवला, तर लेखा विभाग तो स्वतःहून वर नेतो.

पत्र ई-मेलने लेखा विभागाला जाते आणि प्रत मालकांना किंवा काम देणाऱ्या अधिकाऱ्याला. दुसऱ्या दिवशी एक छोटा फोन करायचा, तोही फक्त ‘कागद सगळे मिळाले ना?’ एवढे विचारायला. तेव्हा समोरून तारीख मिळाली तर ती लगेच ई-मेलवर नोंदवून ठेवायची.

26 तारीखही कोरडी गेली तर पुढचे पत्र लहान असते. त्यात व्याजाचा आकडा मांडलेला असतो आणि सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करण्याचा इरादा कळवलेला असतो. हा अर्ज केंद्र सरकारच्या पोर्टलवरून करता येतो. परिषद आधी समेटाचा प्रयत्न करते, तो फसला तर लवाद होतो. कायद्यात निकालासाठी 90 दिवस सांगितले असले तरी प्रकरणे त्याहून लांबतात. म्हणून तोवर त्या गिऱ्हाइकाची नवी ऑर्डर निम्मी रक्कम आगाऊ घेऊनच मशीनवर चढवायची, आणि तसे त्यांना आधीच कळवायचे.