बिटकॉइन चढतच होतं, इंडिकेटर मात्र ‘विका’ म्हणत होता. स्टोकॅस्टिक क्रॉसओव्हर नेमका कुठे फसतो?

क्रिप्टोच्या कोणत्याही ॲपमध्ये चार्ट उघडला की खाली एक छोटी पट्टी लावता येते. तिच्यात दोन रेषा ० ते १०० च्या मध्ये वरखाली होत असतात. हाच स्टोकॅस्टिक ऑसिलेटर. नियम पाठ करायला सोपा आहे: ८० च्या वर वेगवान रेषेने संथ रेषेला वरून खाली छेद दिला तर विका, २० च्या खाली तिने खालून वर छेद दिला तर घ्या. या छेदालाच क्रॉसओव्हर म्हणतात. भाव एका पट्ट्यात फिरत असेल तेव्हा नियम बरा चालतो. भाव एकाच दिशेला सुटला की मात्र तोच नियम लागोपाठ चुकीचे सिग्नल देतो. का, ते समजून घ्यायला नोव्हेंबर २०२४ मधलं बिटकॉइन हे चांगलं उदाहरण आहे.

हा आकडा येतो कुठून?

शिकागोचे ट्रेडर जॉर्ज लेन यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत लोकप्रिय केली. तिच्या मुळाशी एकच भागाकार आहे.

```
%K = (Close - Low14) / (High14 - Low14) * 100
%D = %K ची 3 दिवसांची सरासरी
```

म्हणजे गेल्या १४ कॅण्डलमधला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव घ्यायचा आणि आजचा बंद भाव त्या दोन टोकांमध्ये कुठे आहे ते टक्क्यांत मांडायचं. अगदी वरच्या टोकाला असेल तर १००, तळाला असेल तर ०. वेगवान रेषा %K, संथ रेषा %D. बहुतेक ॲपवर १४, ३, ३ असं सेटिंग आधीच असतं. त्यात %K सुद्धा एकदा सरासरीने गुळगुळीत केलेला असतो, पण तत्त्व तेच.

इथे एक गोष्ट नीट पाहा. हा आकडा भाव किती वेगाने धावतोय ते सांगत नाही. तो ‘महाग’ आहे की ‘स्वस्त’, हेही सांगत नाही. तो फक्त जागा सांगतो, तीही गेल्या १४ कॅण्डलच्या चौकटीतली. ‘ओव्हरबॉट’ हा शब्द त्याला नंतर चिकटवलेला आहे आणि माझ्या मते निम्मा गोंधळ त्या शब्दानेच केलाय.

पट्ट्यात तो का चालतो?

मार्च २०२४ च्या मध्यात बिटकॉइनने सुमारे ७३,७०० डॉलरचा उच्चांक गाठला आणि त्यानंतर ऑक्टोबरअखेरपर्यंत तो ओलांडला नाही. ५ ऑगस्टला भाव थोडा वेळ ५० हजारांच्या खाली घसरला होता. तो दिवस सोडला तर या सात-साडेसात महिन्यांत बिटकॉइन ढोबळमानाने ५३ ते ७२ हजार डॉलरच्या पट्ट्यात फिरत राहिलं.

अशा काळात १४ दिवसांचं वरचं आणि खालचं टोक म्हणजे जवळजवळ खऱ्या भिंतीच असतात. वर विकणारे उभे, खाली घेणारे उभे. ६ सप्टेंबरला भाव ५४ हजारांच्या आसपास बंद झाला. आधीच्या १४ दिवसांचं वरचं टोक ६५ हजारांच्या जवळ होतं आणि त्या दिवसाचा तळ ५२,५०० च्या आसपास. गणित करा: १,५०० भागिले १२,५००, म्हणजे १२. आकडा २० च्या बराच खाली. पुढच्या दोन-तीन दिवसांत भाव ५७ हजारांकडे सरकला, %K ने %D ला खालून छेद दिला आणि महिन्याच्या शेवटी बिटकॉइन ६६ हजारांपर्यंत गेलं. चौकट स्थिर होती, म्हणून चौकटीतल्या जागेला अर्थ होता.

मग नोव्हेंबर आला

अमेरिकेत ५ नोव्हेंबरला मतदान झालं. दुसऱ्याच दिवशी बिटकॉइनने मार्चचा उच्चांक मोडला आणि भाव ७५ हजारांच्या वर बंद झाला. ११ तारखेला तो ८८ हजारांच्या पुढे गेला. खालचे आकडे मी सोयीसाठी गोलाकार केले आहेत, एक्स्चेंजप्रमाणे शे-दोनशे डॉलर इकडेतिकडे होतील.

११ नोव्हेंबरला १४ दिवसांचा तळ ६७,०००, वरचं टोक ८९,५०० आणि बंद भाव ८८,६००. %K आला ९६. १२ तारखेला वरचं टोक ९०,००० झालं आणि भाव ८८,००० ला बंद झाला. %K आला ९१. आधीच्या दोन दिवसांचे ९३ आणि ९६ धरून तीन दिवसांची सरासरी येते ९३. म्हणजे वेगवान रेषा ९१ वर, संथ रेषा ९३ वर. ८० च्या वर, वरून खाली छेद. पुस्तकात काढतात तसा स्वच्छ विक्रीचा सिग्नल.

भावात प्रत्यक्षात काय झालं? साडेएकवीस हजार डॉलरच्या चढाईनंतर तो सहाशे डॉलर मागे आला, बस. चढाईचा वेग किंचित कमी होताच रेषांनी एकमेकींना छेद दिला. पट्ट्यात असताना भिंतीला आपटून परत फिरलेला भाव आणि चढावर दम घ्यायला थांबलेला भाव, हे दोन्ही या सूत्राला सारखेच दिसतात.

पुढे १४ तारखेला भाव ८७ हजारांच्या आसपास आला. वरचं टोक तोवर ९३ हजार झालं होतं. %K उतरला ७७ वर. ज्याने १२ तारखेला विकलं, त्याला आपण बरोबर होतो असंच वाटलं असणार. पण त्याचा नियम सांगतो की २० च्या खाली गेल्यावर परत घे. २० यायला भाव ७२ हजारांच्या जवळ यायला हवा होता. तो आलाच नाही. २२ नोव्हेंबरला बिटकॉइन ९९ हजारांच्या वर होतं.

ज्याने हातातलं बिटकॉइन विकलं त्याचं नुकसान म्हणजे हुकलेला नफा. फ्यूचर्समध्ये ८८ हजारांवर दहापट लिव्हरेजने शॉर्ट करणाऱ्याची गोष्ट वेगळी. भाव सुमारे दहा टक्के चढला, म्हणजे ९६-९७ हजारांवर पोहोचला, की त्याचं सगळं मार्जिन साफ. ही पातळी २१ नोव्हेंबरला पार झाली. मध्ये भाव त्याच्या बाजूने फार तर दोन-अडीच टक्के आला होता.

काटा टोकाला अडकतो

याचं कारण सूत्रातच आहे. आकडा १०० च्या वर जाऊच शकत नाही. शंभर किलोपर्यंतच्या काट्यावर दीडशे किलोचं पोतं ठेवलं तर काटा शंभरावर जाऊन अडकेल. पोतं हलकं आहे की जड, ते त्यावरून कळणार नाही. इंजिनीअरिंगमध्ये याला सॅच्युरेशन म्हणतात. जोरदार तेजीत स्टोकॅस्टिक ८० ते १०० च्या मध्ये दिवसेंदिवस अडकून राहतो आणि एवढ्याशा जागेत दोन रेषा एकमेकींना वारंवार छेदत राहतात. त्या छेदांमध्ये माहिती जवळजवळ नसते.

दुसरं कारण सहज लक्षात येत नाही. आकडा भाव न हलताही पडू शकतो. समजा भाव ९०,००० वर थांबला, वरचं टोक ९३,००० आणि तळ ६७,०००. %K येतो ८८. आता सहा-सात दिवस भाव तिथेच राहिला आणि ६७ हजारांचे जुने दिवस १४ च्या खिडकीतून बाहेर पडले. नवा तळ ७४,०००. भाव तोच, पण %K झाला ८४. म्हणजे कुणी एक नाणंही घाईने विकलेलं नाही आणि रेषा खाली वळली. तेजीत तळ रोज वर सरकत असतो, म्हणून हे वारंवार घडतं.

घसरणीत हाच खेळ उलटा

आपल्याकडे बरेच जण फक्त स्पॉट खरेदी करतात. त्यांना फटका बसतो तो पडत्या बाजारात. मे २०२२ च्या मध्यापासून बिटकॉइन जवळपास महिनाभर ३० हजार डॉलरच्या आजूबाजूला होतं. जूनमध्ये ते घसरू लागलं, १३ जूनला सेल्सियस या क्रिप्टो कर्ज देणाऱ्या कंपनीने पैसे काढणं थांबवल्याची बातमी पसरली आणि भाव एका दिवसात २२-२३ हजारांवर आला. १४ तारखेला %K सुमारे ६ वरून ११ वर गेला आणि %D च्या वर होता. ‘घ्या’. भाव २२ हजारांच्या आसपास. १८ जूनला तो १८ हजारांच्याही खाली गेला होता. चार दिवसांत वीस टक्के.

एप्रिल २०२२ पासून भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. सात व्यवहारांत तीन-तीन हजार रुपये मिळाले आणि तीन व्यवहारांत सहा-सहा हजार गेले, तर हातात उरतात तीन हजार. पण कर लागतो पूर्ण २१ हजारांवर, म्हणजे ६,३००, वर सेस. पट्ट्यात मिळणारे छोटे नफे आणि ट्रेण्डमध्ये बसणारा एखादा मोठा फटका, या पद्धतीचा हिशेब इथे मुळातच तोट्यात जातो.

पट्टा संपला हे कळतं कसं?

अनेक जण यासाठी एडीएक्स हा दुसरा इंडिकेटर लावतात. तो दिशा नव्हे, ट्रेण्डची ताकद मोजतो. २० च्या खाली असेल तर बाजार पट्ट्यात, २५ च्या वर गेला तर ट्रेण्ड, असा ढोबळ संकेत आहे. अडचण अशी की तोही सरासऱ्यांवर उभा आहे आणि उशिरा जागा होतो. ट्रेण्डच्या पहिल्या दोन-चार दिवसांत, म्हणजे नेमकं जेव्हा पहिला खोटा क्रॉसओव्हर येऊ शकतो तेव्हा, तो खालीच असू शकतो.

त्यापेक्षा आधी दिसणारी गोष्ट चार्टवरच असते. स्टोकॅस्टिक वापरायचा तर आधी पट्ट्याच्या दोन कडा हाताने आखाव्या लागतात. ६ नोव्हेंबरला दिवसाची कॅण्डल ७३,७०० च्या वर बंद झाली, तिथेच जुनी चौकट संपली. त्यानंतर वरून खाली येणारे छेद सोडून द्यायचे आणि काही दिवस भाव तुटलेल्या कडेच्या वर टिकतो का, एवढंच पाहायचं. कडेच्या बाहेर बंद होऊन दोन दिवसांत आत परतणारे खोटे ब्रेकआउटही क्रिप्टोत भरपूर होतात. भाव पुन्हा पट्ट्यात शिरला तर क्रॉसओव्हर पुन्हा वाचता येतो. आणि व्यवहार घेतलाच असेल तर स्टॉपलॉसची जागा त्या कडेच्या पलीकडे ठेवायची. स्टोकॅस्टिक उलटण्याची वाट पाहत बसलं, तर नोव्हेंबरसारख्या महिन्यात तो २० पर्यंत येतच नाही.