कौलारू घराचं छप्पर कुठे गेलं?

समजा, आर्किटेक्चर शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीनं कोकणातलं एक कौलारू घर ब्लेंडरमध्ये उभं केलं आहे. उंच जोतं, पडवीचे खांब, माजघर, खिडक्यांचे गज, आढ्यापासून दोन्ही बाजूंना उतरणारं छप्पर. काही गाळलेलं नाही. ती त्याची एसटीएल फाइल काढते आणि स्लायसरमध्ये उघडते. स्लायसर म्हणजे वस्तूचे आडवे पातळ काप करून प्रिंटरनं कुठून कशी रेघ ओढायची ते ठरवणारा प्रोग्रॅम. तिथेही घर जसंच्या तसं दिसतं. मात्र काप पाडायची आज्ञा दिल्यावर थरांचं चित्र येतं आणि त्यात छप्परच नसतं. गज नाहीत, आणि माजघराची भिंत बाहेरच्या भिंतीला जिथे मिळते तिथे एक वेडीवाकडी फट पडलेली.

प्रिंटर अजून सुरूसुद्धा झालेला नाही, तेव्हा दोष त्याचा नाही. जे घडलं ते फाइलमध्ये घडलं, आणि ते समजायला फाइलमध्ये काय असतं ते पाहावं लागतं.

एसटीएल हा प्रकार १९८७ सालचा. द्रवरूप राळ प्रकाशानं थराथरानं घट्ट करणाऱ्या स्टिरिओलिथोग्राफी यंत्रांसाठी थ्रीडी सिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनं तो आणला. त्याचा साधेपणा आजही थक्क करतो. फाइलमध्ये त्रिकोणांखेरीज काहीच नसतं. एक त्रिकोण अक्षरांत लिहिला तर असा दिसतो:

```
facet normal 0 0 1
  outer loop
    vertex 0 0 0
    vertex 120 0 0
    vertex 0 80 0
  endloop
endfacet
```

पहिली ओळ त्रिकोणाची बाहेरची बाजू कुठली ते सांगते, पुढच्या तीन ओळी त्याची तीन टोकं. भिंत, खांब, छप्पर असे शब्द इथे नाहीत. १२० म्हणजे मिलिमीटर, इंच की मीटर, तेही लिहिलेलं नाही. घर भरीव आहे असंही फाइल कुठे म्हणत नाही. तिच्यात फक्त कातडी आहे, आणि त्या कातडीवरून आत काय आणि बाहेर काय हे स्लायसरला स्वतः ओळखावं लागतं.

ते तो कसं ओळखतो? कल्पना करा, घर जमिनीपासून २५ मिलिमीटरवर आडवं कापलं. वाटेत आलेला प्रत्येक त्रिकोण त्या कापावर एक छोटी रेघ सोडतो. त्रिकोण कडेला कड लावून बसलेले असतील तर एका रेघेचं टोक पुढच्या रेघेला मिळतं, तिचं तिसरीला, आणि फिरून पहिल्या ठिकाणी येऊन कुंपण पूर्ण होतं. कुंपणाच्या आत प्लास्टिक भरायचं, बाहेर नाही. यासाठी अट एकच: प्रत्येक कडेला बरोबर दोन त्रिकोण लागलेले हवेत. ही अट मोडणाऱ्या कडेला नॉन-मॅनिफोल्ड कड म्हणतात.

अट दोन्हीकडून मोडते. कडेला एकच त्रिकोण असला तर कुंपण तिथे उघडं राहतं. तीन असले तर तिठा तयार होतो, आणि कुठल्या रस्त्यानं गेलं की कुंपण पूर्ण होईल ते कळत नाही. आपल्या घरात हे दोन्ही आहेत.

छपराची गोष्ट पहिली. विद्यार्थिनीनं ते दोन सपाट पृष्ठं आढ्यावर जोडून काढलं होतं. पडद्यावर ते छप्परच दिसतं, कारण पडद्याला पृष्ठाची जाडी लागत नाही. कापावर मात्र त्याच्या दोन सुट्या रेघा पडतात, कुठलंही कुंपण न करणाऱ्या. अशा उघड्या रेघांच्या आत काही नाही आणि बाहेरही काही नाही, म्हणून स्लायसर त्या टाकून देतो. छपराला जाडी नाही हा एक दोष आणि त्याच्या कडा उघड्या आहेत हा दुसरा, असं त्यांना वेगळं समजणं चुकीचं ठरेल. तो एकच दोष आहे आणि एकाच उपायानं जातो.

उपायाआधी माप ठरवायला हवं. बरेच जण इथे घाई करतात आणि मग सगळं काम दोनदा करतात. खरं घर १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद. १:१०० प्रमाणात ते १२० बाय ८० मिलिमीटर होईल. ब्लेंडरमध्ये लांबी १२ एकक आहे, आणि स्लायसर एसटीएलमधला आकडा मिलिमीटर समजतो, म्हणजे तसंच पाठवलं तर १२ मिलिमीटरचं घर निघेल, बोटाच्या पेराहून लहान. म्हणून सगळं घर दहापट करायचं आणि `Ctrl+A` दाबून `Scale` पक्कं करायचं. शिवाय `Unit Scale` ला `0.001` आणि लांबीचं एकक `Millimeters` केलं की पडद्यावरचा आकडा आणि हातात येणारी जाडी एकच होते. पुढे फाइल काढताना `Scene Unit` वरची खूण काढलेली हवी, नाहीतर घर पुन्हा हजारपट आकसतं.

आता खरी मापं उघडी पडतात. नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटरची बाहेरची भिंत २.३ मिलिमीटर होते. ती उत्तम. आतली साडेचार इंची भिंत साधारण १.१५ मिलिमीटर, तीही चालेल. पडवीचा १५० मिलिमीटरचा खांब दीड मिलिमीटरचा होतो. खिडकीचा १२ मिलिमीटरचा गज ०.१२ मिलिमीटरचा.

प्लास्टिकची तार वितळवून रेघा ओढणाऱ्या नेहमीच्या प्रिंटरच्या तोटीचं छिद्र ०.४ मिलिमीटर असतं, आणि ती ओढते ती रेघ साधारण ०.४५ मिलिमीटर रुंद. भिंतीला दोन बाजू असतात; दोन्हींना एकेक रेघ धरली तर ०.९ मिलिमीटर झाले. त्याहून बारीक भिंत अजिबात छापली जात नाही असं नाही. अलीकडचे स्लायसर रेघेची रुंदी कमीजास्त करून एकाच रेघेची भिंत काढून देतात. पण ती हातात घेतली की वाकते. ०.१२ चा गज तर कुठल्याच रेघेत बसत नाही, म्हणून तो मुकाट्यानं गळतो.

छपराला ती `Solidify` लावते आणि जाडी १.२ मिलिमीटर देते. या एका आज्ञेनं पृष्ठाची दुसरी बाजू तयार होते, आणि `Fill Rim` सुरू असलं की दोन्ही बाजूंमधल्या कडाही बंद होतात. कापावर आता सुट्या रेघांऐवजी पूर्ण कुंपण मिळतं. `Even Thickness` ही खूण मात्र विसरता कामा नये. तिच्याविना आढ्याच्या कोनात छप्पर सांगितलेल्या जाडीपेक्षा बारीक होतं, आणि नेमकं तिथेच ते चिरतं.

खांब अडीच मिलिमीटरचे केले. प्रमाणाच्या हिशेबानं ते जाडजूड आहेत, पण २५ मिलिमीटर उंचीचा दीड मिलिमीटरचा खांब थराच्या सांध्यावर मोडतोच, आणि छोट्या प्रतिकृतीत एवढी तडजोड डोळ्याला खटकतही नाही. गजांचं तसं नाही. ते जाड केले तर खिडकी बुजते. त्यापेक्षा खिडकीच्या जागी बंद पाटी ठेवून तिच्यावर अर्धा मिलिमीटर खोल खाचा पाडणं बरं. सावली खाचांत बसते आणि गज दिसतात.

उरली माजघराची भिंत. इथे ती `Edit Mode` मध्ये जाते, कडा निवडण्याची पद्धत घेते (पृष्ठं निवडण्याच्या पद्धतीत ही आज्ञा चालत नाही) आणि `Select` मेनूतल्या `All by Trait` मधून `Non Manifold` निवडते. दोषी कडा उजळून दिसतात. कोपऱ्यात उघडणाऱ्या चौकटीत त्यांचे प्रकारही वेगळे करता येतात: `Boundaries` म्हणजे एकच पृष्ठ लागलेल्या कडा, `Multiple Faces` म्हणजे तिठे. माजघराच्या सांध्यावर तिठे निघाले. आतली भिंत बाहेरच्या भिंतीतून ओढून काढताना मूळ पृष्ठाचा तुकडा सांध्याच्या पोटात तसाच राहिला होता. बाहेरून तो कधीच दिसला नसता. `X-Ray` लावून तो तुकडा निवडला आणि पुसला, की प्रत्येक कडेला दोनच पृष्ठं उरली.

जोत्याचा तळही उघडा निघाला. जमिनीकडची बाजू कोण बघतं म्हणून ती पूर्वी पुसलेली. कड निवडून `F` दाबलं आणि तो बुजला. गंमत अशी की हा दोष बहुधा निभावून जातो. तळ आडवा असल्यामुळे वरच्या कुठल्याही कापातलं कुंपण त्यामुळे तुटत नाही. स्लायसरनं चाळीस दोषी कडांचा इशारा दिला म्हणून चाळीस ठिकाणी बिघाड होईलच असं नसतं, आणि एकच तिठा सगळी भिंत बिघडवू शकतो.

मग `Make Manifold` सारखं एका कळीचं यंत्र वापरायला काय हरकत आहे? किरकोळ छिद्रांसाठी काहीच नाही. पण ते यंत्र उघडी कड दिसली की बुजवतं. भिंत जाडी नसलेल्या पृष्ठाची असेल आणि तिच्यात दार कापलेलं असेल, तर त्याच्या लेखी दार हेही छिद्रच. दुरुस्तीनंतर घर निर्दोष ठरतं आणि आत जायला वाट राहत नाही. एकमेकांवर आलेले बिंदू जोडणाऱ्या `Merge by Distance` चंही तसंच आहे. अंतर ०.०१ मिलिमीटर ठेवलं तर फक्त दुहेरी बिंदू एक होतात. ते वाढवत नेलं तर खिडकीच्या बारीक खाचांचे काठ एकमेकांना चिकटतात.

शेवटी `Shift+N` नं सगळ्या पृष्ठांची बाहेरची बाजू बाहेर वळवून घेतली. `Face Orientation` लावल्यावर घर बाहेरून निळं दिसायला हवं; लाल डाग दिसला तर ते पृष्ठ उलटं आहे. फाइल काढल्यावर एक लहानसा ताळा मनातच करता येतो. बंद कातडीत प्रत्येक त्रिकोणाला तीन कडा आणि प्रत्येक कडेला दोन त्रिकोण, म्हणून त्रिकोणांची संख्या नेहमी सम येते. विषम आली तर कुठेतरी दोष नक्की आहे. सम आली म्हणून सगळं नीट आहे असं मात्र नाही.

तिनं नवी फाइल उघडली आणि थरांची पट्टी खालून वर सरकवत नेली. जोतं भरलं, मग खोल्यांची कुंपणं उमटली, माजघराचा सांधा अखंड. खांबांची वर्तुळं पडवीच्या काठानं ओळीनं आली. भिंतींच्या वर छपराच्या दोन पट्ट्या दिसू लागल्या आणि थरागणिक एकमेकींकडे सरकत आढ्यावर मिळाल्या.