एक ‘मी’, तीन काळ

वडगाव निंबाळकरहून बारामतीला जाण्याचं वाक्य फारसीत करून पाहू. ‘रव’ म्हणजे जा, त्यापुढे ‘अम’ हा ‘मी’चा प्रत्यय आणि आधी ‘मी’ हा उपसर्ग (आपला ‘मी’ नव्हे!). झालं ‘मीरवम’.

‘हर रूझ मीरवम’ म्हणजे रोज जातो, ‘फर्दा मीरवम’ म्हणजे उद्या जातो. रूप तेच, काळ शेजारच्या शब्दावरून कळतो. मराठी ‘जातो’ही असंच चालतं, म्हणून आपल्याला अडचण वाटत नाही. इंग्रजीत मात्र निवड करावी लागते: सवयीला ‘आय गो’, आत्ता वाटेवर असल्यास ‘आय ॲम गोइंग’, उद्यासाठी ‘आय विल गो’. बेत ठरलेला असेल तर उद्यालाही ‘आय ॲम गोइंग’ चालतं, म्हणजे इंग्रजीची कुंपणंही फार पक्की नाहीत.

आत्ताचंच जाणं ठसवायचं तर बोलीत ‘दारम मीरवम’ म्हणतात. पण नकारात हा ‘दारम’ गळतो, उरतं नुसतं ‘नेमीरवम’: जात नाही, जात नाहीये, जाणार नाही. तिथे भाषांतर करणाऱ्याला मागचंपुढचं वाक्य वाचावंच लागतं.