वरच्या दहा टक्क्यांची रेघ

वडनेरच्या एका सद्गृहस्थांनी आमच्याकडे एक प्रस्ताव आणला, तेथून सुरुवात करतो. वडनेर म्हणजे वर्धा जिल्ह्यातले, हिंगणघाटच्या पुढचे आमचे गाव. आजूबाजूच्या खेड्यांतली मुले एस. टी. ने शिकायला येतात. या गृहस्थांचे म्हणणे असे की, पहिल्या वर्षाच्या वर्गात जी वरची दहा टक्के मुले असतील, त्यांच्या पुस्तकांचा खर्च मी देईन. पण किती मार्क मिळवायचे ते मुलांना परीक्षेच्या आधी कळले पाहिजे. पेपर झाल्यावर रेघ ओढाल, तर लोक म्हणतील की आपल्या पोरासाठी ओढली. आणि मग रेघही त्यांनीच सांगून टाकली. "वरचे दहा टक्के ना? मग शंभरातून नव्वद!"

हा घोटाळा फार जुना आहे, आणि शिकलेल्या माणसांच्याही हातून होतो. नव्वद मार्क हे पेपराचे माप झाले. वरचे दहा टक्के हे माणसांचे माप. पहिल्यात आपण प्रश्न मोजतो, दुसऱ्यात मुले मोजतो. या दोहोंचा एकमेकांशी संबंध काय, हे वर्ग कसा पसरला आहे त्यावर ठरते. तो पसारा पाहिल्याशिवाय रेघ ओढता येत नाही.

आमच्या वर्गाचे मागच्या वर्षीचे आकडे, हिशेबाला सोपे व्हावेत म्हणून थोडे गोल करून, सांगतो. मुले 240, पेपर 100 मार्कांचा, सरासरी 54. दुसरा आकडा लागतो तो पसाऱ्याचा. त्याला प्रमाण विचलन म्हणतात. प्रत्येक मुलाचे मार्क सरासरीपासून किती दूर आहेत ते काढायचे, त्या अंतरांचे वर्ग करायचे, वर्गांची सरासरी घ्यायची आणि शेवटी तिचे वर्गमूळ काढायचे. आमच्याकडे ते 15 आले.

येथे माझ्याजवळ फळा नाही, तेव्हा चित्र तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. अंगणात शून्यापासून शंभरापर्यंत एक लांब रेघ आखली आहे, आणि प्रत्येक मूल आपल्या मार्कांच्या खुणेवर एकामागे एक उभे आहे. चोपन्नाच्या आसपास सर्वांत लांब रांग, दोन्ही बाजूंना रांगा हळूहळू आखूड होत गेलेल्या, आणि कडांना एखाददुसरे मूल. वरून पाहिले तर घंटेसारखा आकार दिसेल. यालाच प्रसामान्य वितरण म्हणतात. या वक्राचे गणित अब्राहम द म्वाव्र याने 1733 साली प्रथम मांडले, तेही नाण्याच्या नाणेफेकीचा हिशेब करताना. परीक्षा त्याच्या ध्यानीमनीही नव्हत्या.

या आकाराची गंमत अशी की, सरासरी आणि प्रमाण विचलन एवढे दोन आकडे कळले की बाकी सारे कळते. सरासरीच्या वर एक विचलन चढलात, म्हणजे आमच्याकडे 69 वर गेलात, की पुढे सुमारे 16 टक्के मुले उरतात. दोन विचलने चढून 84 वर गेलात, तर सव्वादोन टक्के. मग दहा टक्के मागे टाकणारी जागा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असणार, आणि ती एकाच्या अधिक जवळ असणार, हे तर कागद-पेन्सिलीशिवायही दिसते. नेमका आकडा 1.28 आहे. म्हणजे सरासरीत 1.28 विचलने मिळवायची:

54 + 1.28 × 15 = 73.2

आता त्या नव्वदच्या रेघेचे काय झाले असते ते पाहा. नव्वद म्हणजे सरासरीच्या 36 मार्क वर, 2.4 विचलने. तेथून पुढे शंभरात एकही मूल पुरते उरत नाही. 240 च्या वर्गात दोन. चोवीस मुलांना पुस्तके द्यायला निघालेला माणूस दोघांना देऊन घरी गेला असता, आणि वर म्हणाला असता की पोरे अभ्यासच करत नाहीत!

1.28 हा आकडा येतो कुठून? पुस्तकाच्या मागे तक्ता असतो, त्यातून. पण येथे तो उलटा वाचायचा असतो, आणि मुले नेमकी तेथेच चुकतात. नेहमी आपण बाहेरच्या कडेला विचलनांचा आकडा शोधतो आणि आतल्या घरात टक्केवारी वाचतो. आता टक्केवारी आपल्या हातात आहे. म्हणून आतल्या घरांत 0.9000 शोधायचे आणि मग कडेला यायचे. 1.28 समोर 0.8997 आहे, 1.29 समोर 0.9015. आपला आकडा पहिल्याला अगदी चिकटून आहे, म्हणून 1.28.

जो उलटा वाचत नाही तो काय करतो? तो कडेलाच 0.90 शोधतो आणि 54 मध्ये 0.90 × 15 मिळवून साडेसदुसष्ट उत्तर देतो. दिसायला उत्तर शहाण्यासारखे आहे, म्हणूनच ते घातक. त्या रेघेच्या पुढे 18 टक्के, म्हणजे 44 मुले निघतात. देणाऱ्याचे पैसे चोविसांचे आणि दारात उभे चव्वेचाळीस!

तक्ते सगळे सारखे नसतात, हेही सांगून ठेवतो. काहींत डावीकडचे सगळे क्षेत्र दिलेले असते, काहींत फक्त मध्यापासूनचे, काहींत उजवीकडे उरलेले. ओळखायची खूण सोपी आहे. शून्यासमोरचे घर पाहा. तेथे 0.5000 असेल आणि आकडे पुढे वाढत असतील, तर आत 0.90 शोधा. 0.5000 असून घटत असतील, तर 0.10 शोधा. आणि शून्यासमोर शून्यच असेल, तर 0.40 शोधा. तिन्ही वाटांनी 1.28 वरच पोचाल. ज्यांच्या कार्यालयात संगणक आहे, त्यांनी तक्त्याच्या कोष्टकात =NORM.INV(0.9,54,15) असे लिहिले की 73.22 येते.

एवढे वर्गात सांगून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, यादी लावून वरचे चोवीस मोजले तर होत नाही काय जी? काहून एवढा खटाटोप?" मला तो प्रश्न फार आवडला. मार्कांची पूर्ण यादी हातात असेल, तर त्याचे खरे आहे. मोजावे आणि मोकळे व्हावे. महाराष्ट्रात 2019 पासून सी. ई. टी. चा निकाल शतमकांत लागू लागला, तोही मोजूनच. तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी मार्क शंभरात किती जणांना आहेत, एवढेच तेथे पाहतात. घंटेच्या आकाराचा तेथे काही संबंध नाही. आपला हिशेब लागतो तो यादी अजून व्हायची असते तेव्हा. आमच्या गृहस्थांना रेघ आधी हवी होती, आणि आमच्याजवळ होते ते मागच्या वर्षाचे दोन आकडे.

आता 73.2 चे करायचे काय? पेपराला 73.2 मार्क कोणाला पडत नाहीत. 73 पडतात किंवा 74. ही दशांशाची किरकिर नव्हे. 73 ची रेघ धरली तर हिशेबाने 26 मुले आत येतात, 74 ची धरली तर 23. त्या एका मार्कावर तीन मुले उभी आहेत. वक्र सलग असतो आणि मार्क पायऱ्यांचे असतात, म्हणून हे होणारच. कोणती पायरी घ्यायची ते वक्र सांगत नाही, देणाऱ्याने सांगायचे. दहा टक्क्यांहून अधिक नकोत असे असेल तर 74, दहा टक्क्यांहून कमी नकोत असे असेल तर 73. मात्र ते पेपराच्या आधी ठरले पाहिजे.

शिवाय 54 आणि 15 हे आकडेही दगडावरची रेघ नव्हेत. ते 240 मुलांवरून काढलेले, त्यामुळे रेघ सव्वा मार्काने इकडेतिकडे सरकू शकते. तीसच मुलांवरून ती काढली असती, तर पावणेचार मार्कांनी. इतक्या लहान वर्गासाठी या वाटेला मी तरी जाणार नाही.

पण सगळ्यात मोठी फसगत आकाराची. वर्ग घंटेसारखा नसेल, तरी सूत्र उत्तर देतेच; ते तक्रार करत नाही. समजा पेपर सोपा निघाला, सरासरी 78 आली आणि विचलन 18. मग 78 + 1.28 × 18 म्हणजे 101! शंभराच्या पेपरात एकशेएकची रेघ. ही चूक निदान आरडाओरडा करून सांगते की, मुलांची वरच्या भिंतीशी गर्दी झाली आहे, घंटा कापली गेली आहे. दुसरा प्रकार मुकाट असतो. वर्गात दोन जथे असतात, एकाची पूर्वतयारी पक्की आणि दुसऱ्याची कच्ची. सरासरी 54 येते, पण 54 च्या आसपास कोणीच नसते. अंगणातल्या रांगा पाहिल्या तर एका घंटेऐवजी दोन टेकाडे दिसतील. म्हणून सूत्राला हात घालण्याआधी मार्कांचे दहा-दहाचे गट पाडून प्रत्येकापुढे किती मुले ते लिहून काढावे. पाच मिनिटांचे काम आहे.

निकालानंतरही एक पडताळा घेता येतो. अपेक्षा चोविसांची असली, तरी योगायोगाने चार-पाचांचा फरक पडायचाच. पंधरापासून तेहतीसपर्यंत कितीही मुले पुढे गेली तरी वक्राला दोष देऊ नये. त्याच्या बाहेर आकडा गेला, तर पेपर बदलला, वर्ग बदलला, की आकारच वेगळा होता, ते शोधावे.

आमच्या गृहस्थांनी 74 ची रेघ पसंत केली आणि ती परीक्षेच्या आधी फळ्यावर लागली. निकालात 27 मुले तिच्या पुढे गेली. तीन मुलांचा जादा खर्च त्यांनी कुरकुर न करता दिला, फक्त मला एवढे विचारले, "मास्तर, पुढच्या साली पुन्हा चौऱ्याहत्तरच का?" मी म्हटले, नाही, आता नवी सरासरी आणि नवे विचलन हाती आले आहे, त्यावरून पुन्हा मांडू.